दोन खोल्या पुरतात

चवथीला पंधरा दिवस होते आणि आईने मला पुण्याहून आधीच पाठवून दिलं होतं, कारण आजोबा एकटे आणि घर एवढं मोठं, माळ्यावरचं सामान काढून ऊन दाखवायचं म्हणजे कुणीतरी पाहिजेच. गोव्यात म्हार्दोळजवळचं आमचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, पावसात तिथे भिंतीलासुद्धा बुरशी येते. बसने उतरल्या उतरल्या आईचा फोन, पोचलीस का, जेवलीस का, आजोबांना बीपीची गोळी दिलीस का आणि शेवटी नेहमीसारखं "चल, झावोल्तू". हे आमच्या घरातलं आहे. कुणी बाहेर जाताना किंवा फोन ठेवताना "येते" म्हणतात ना, तसं आमच्याकडे झावोल्तू. लहानपणी मला वाटायचं सगळेच म्हणतात, मग शाळेत एकदा म्हटलं आणि सगळे हसले, तेव्हा कळलं की हे आमचंच काहीतरी खूळ आहे.

तिसऱ्या दिवशी पत्र्याची काळी ट्रंक उतरवली. काकूची ट्रंक. काकू म्हणजे आजोबांची थोरली काकू, मी तिला पाहिलेलं नाही, फोटो एकच आहे, नऊवारीतली बारीक बाई, अंगणात उभी आणि डोळे मिटलेले कारण फोटो काढणाऱ्याने उन्हाकडे तोंड करून उभी केली असणार. ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास, दोन लुगडी, फुटका आरसा, देवीच्या उत्सवाची जुनी पत्रकं आणि तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक पोस्टकार्ड.

एका बाजूला घुमट असलेली मोठी इमारत, रंग उडून सगळी पिवळी पडलेली. दुसऱ्या बाजूला निळ्या शाईचं बारीक अक्षर, निम्मं पसरलेलं, आणि वर उजव्या कोपऱ्यात तिकीट काढलेल्या जागेचा पांढरा चौकोन.

"आजोबा, हे काय?"

ते ओसरीवर भिंग लावून कुणाचातरी कागद बघत होते. तुम्हाला सांगायला हवं, आजोबा पोर्तुगीजचं भाषांतर करतात. पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव केलेला माणूस, पुढे 1961 आला आणि ती भाषा एका रात्रीत कुणाच्या कामाची राहिली नाही असं सगळ्यांना वाटलं, पण जमिनीचे कागद तर सगळे त्याच भाषेत होते. एस्क्रितूर, इन्व्हेंतार, कोर्टातली वाटपं. भावाभावांचं भांडण लागलं की लोक पिशवीत कागद घालून आजोबांकडे येतात, अजून येतात. आणि आजोबांचा नियम एकच, कागदात आहे तेवढंच लिहायचं. मागे एकाने पाच हजार जास्त देतो म्हटलं, फक्त एका ओळीत "पश्चिमेकडील" ऐवजी "पूर्वेकडील" करा, तर त्याचा चहासुद्धा परत नेला होता.

कार्ड हातात घेतलं आणि ते उठून बसले.

"हे जाळलं नाही तिने," एवढंच म्हणाले.

मग भिंग पुसलं, आपली रुळाची वही आणायला सांगितली आणि नेहमी गिऱ्हाइकाच्या कागदाला करतात तसं वर तारीख, मग "मूळ पोर्तुगीजवरून" असं लिहिलं. मी म्हटलं कशाला एवढं, नुसतं सांगा ना काय लिहिलंय. तर म्हणाले, "तोंडी एकदा सांगून झालंय गो बाय."

इमारत होती लोरेंसो मार्किशचं रेल्वे स्टेशन, म्हणजे आत्ताचं मापुतो, मोझांबिकमधलं. आजोबांचे थोरले काका 1953 साली मुंबईहून करंजा बोटीने तिकडे गेले, एका दुकानात हिशेब लिहायला, तीन वर्षांत येतो सांगून. कार्डावर तारीख 14 जुलै 1959. म्हणजे आजोबा बारा वर्षांचे.

"पत्र कुणाला आहे?"

"माझ्या बापाला. म्हणून पोर्तुगीजमध्ये. घरात ते फक्त बापाला यायचं आणि थोडं मला, काकूला काही नाही, ती सावंतवाडीकडची. तिला वाचता येऊ नये म्हणूनच तसं लिहिलं असणार. पण बाप त्या दिवशी पणजीला गेलेला आणि पोस्टमन आला, काकू दारातच. तिने कार्ड घेतलं ते मला देऊन म्हणाली, वाच."

हे सगळं ते वहीत बघूनच बोलत होते, भिंग कार्डावर, आणि हळूहळू लिहित होते. मी वाकून वाचत होते. प्रिय भाऊ, मी बरा आहे. दुकान सोडलं, आता रेल्वेत हिशेबाला आहे. आईला नमस्कार सांग. घर घेतलं, स्टेशनपासून जवळ, दोनच खोल्या पण...

इथे पेन थांबलं.

"दा पारा नॉश," त्यांनी वाचलं. "नॉश. ह्याचं काय करायचं?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुरतात. दोन खोल्या आम्हाला पुरतात. किंवा आपल्याला पुरतात. त्यांच्यात आम्ही आणि आपण असं वेगळं नसतं, दोन्हीला नॉशच. कागदपत्रात काही अडत नाही, तिथे खाली सह्या असतात, कोण कोण ते कळतं." त्यांनी चष्मा काढला. "मी बारा वर्षांचा. मला वाटलं, माणूस घर घेतो ते कुणासाठी घेतो. मी वाचलं, दोन खोल्या आपल्याला पुरतील. काकू म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. ती म्हणाली, आपल्याला म्हणजे मला धरून ना रे? मी म्हटलं, मग काय."

मला काही सुचेना. बाहेर पाऊस चालू झाला होता, मी उठून वाळत घातलेली लुगडी आत घेतली, खरं म्हणजे उगाच, ती ओसरीतच होती.

"तिचा चेहरा असा झाला गो," ते म्हणाले आणि कसा ते काही सांगितलं नाही. "आणि मग मी पुढची ओळ बघितली."

पुढची ओळ म्हणजे तिकिटाच्या खालची. तिथेच शाई सगळ्यात जास्त पसरलेली होती, निळा ढग नुसता. एक शब्द सुरुवातीला, एक शेवटी, मध्ये ढग.

"झा," आजोबांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग शेवटच्यावर. "व्होल्तु."

मी एकदम त्यांच्याकडे बघितलं.

"हो, तेच," ते म्हणाले. "झा व्होल्तु. आत्ता येतो, हा आलोच. काकूला मी हेच वाचून दाखवलं. तिला इतकं आवडलं की तिने पाठच केलं. विहिरीवर निघाली की झा व्होल्तु, देवळात निघाली की झा व्होल्तु. आजी ओरडायची, हे काय पाखल्यांचं बोलणं घरात. मग आजीपण म्हणायला लागली. तुझी आई तर रांगत रांगत म्हणायची, तिला वाटायचं आपलीच भाषा आहे."

"पण मध्ये शब्द आहे ना एक," मी म्हटलं.

"आहे."

"पाण्याने गेलाय."

"पाण्याने नाही गेला. मी घालवला." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं गिऱ्हाइकाला सांगतात की तुमचा उतारा अर्धवट आहे. "संध्याकाळी बाप येणार, तो वाचणार, मग काकूसमोर मी खोटा. म्हणून परसात जाऊन तांब्यात कार्डाचा कोपरा बुडवला आणि बोटाने चोळला. तिकीट सुटं करत होतो म्हणून सांगितलं. फुलपाखराचं होतं, मोठं, सगळ्यांना पटलं. बापाने दोन मारल्या."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"बापाने कार्ड दिव्यासमोर धरलं, असं तिरकं. बराच वेळ. काकू दाराआड उभी. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, येतो म्हणतोय. आणि कार्ड तिलाच देऊन टाकलं. माझ्याशी त्यावर एक शब्द बोलला नाही, मरेपर्यंत."

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि कार्ड तिरकं धरलं. ढगात अक्षरं नव्हती. पण ढगाच्या वर, जिथे बोट पोचलं नसेल, तिथे एक बारीक वेलांटीसारखी रेघ शिल्लक होती, आडवी, नागमोडी, मुंगी चालत गेल्यासारखी.

"हे काय आहे वर?"

"तील," आजोबा म्हणाले. "अनुनासिक. आपला अनुस्वार समज. नांव. म्हणजे नाही."

झा नांव व्होल्तु. त्यांनी पूर्ण म्हटलं तेव्हा ते वेगळंच ऐकू आलं, आईच्या फोनवरचं ते नव्हतंच.

काकूने वाट बघितली, हे मला थोडंफार माहीत होतं पण नवरा बोटीवर वारला अशी गोष्ट आमच्यापर्यंत आलेली. तसं नव्हतं. गोवा सुटल्यावर पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांना आधी धरून ठेवलं आणि 1962 मध्ये हाकलून दिलं, दुकानं घरं सगळं तिथेच टाकून लोक बोटीने परत आले. काकूला ही बातमी कळली तेव्हा तिने पुढची खोली शेणाने सारवून घेतली. सगळ्यांसाठी ते संकट होतं आणि हिला वाटलं आता तरी. काका आला नाही. तिकडचे कागद केले असणार त्याने, आजोबा म्हणाले, किंवा तिच्याकडचे, आणि "तिच्या" म्हणजे कुणाच्या हे मी विचारलं नाही, दोन खोल्यांत कोण होतं ते आता कळलंच होतं.

"तुम्ही तिला कधी सांगितलं नाहीत?"

"ती दर वर्षी चवथीला ट्रंक उघडायची, कार्ड काढून मला द्यायची. वाच रे. मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, तरी वाच रे. सतरा वर्षं वाचलं मी ते. शेवटी शेवटी कार्ड न बघताच म्हणायचो आणि ती ओठ हलवायची बरोबर." थोडं थांबून म्हणाले, "एकदा, माझं लग्न झालं त्या वर्षी, तिने ही रेघ दाखवली. म्हणाली, अरे ही मुंगी कसली? मी म्हटलं, शाई सांडली असेल. ती म्हणाली, बरं."

मग त्यांनी चष्मा परत लावला, वही ओढली. "आम्हाला" लिहिलं. त्यावर एकही रेघ न मारता पुढे गेले. माझा जमिनीचा वाटा तिच्या नावे कर. मुलाला शिकव. आणि मधली ओळ राहिली होती ती सगळ्यात शेवटी, जागा सोडलेली होती तिथे, त्यांच्या त्या कागदपत्री अक्षरात, आता मी परत येत नाही. समासात नेहमीसारखी टीप घातली, एक शब्द पाण्याने खराब, चिन्हावरून वाचला. खाली सही. शिक्का मारणार होते, तो हातात घेऊन परत डबीत ठेवला.

कार्ड मी लुगड्याच्या घडीत घातलं, वहीचं पान फाडून त्यावर.

दिवेलागणीला पाऊस थांबला. आजोबांनी छत्री घेतली, देवळापाशी जायांच्या वेण्या आल्या असतील, बघून येतो म्हणाले. चपला घालून पायरी उतरले, फाटकाशी गेले आणि मागे वळून नेहमीच्या मोठ्या आवाजात ओरडले, "झा व्होल्तु!"

मी आतून "हं" म्हटलं आणि मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर येऊन ते वळणापर्यंत दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले.