मृत्युपत्र

आज दिनांक 12 जानेवारी 2026 रोजी, सांगली मुक्कामी, मी श्रीमती सुमन दत्तात्रय जाधव, वय 71, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे जे,

माझी प्रकृती वयोमानाप्रमाणे ठीक आहे. बुद्धी व स्मरणशक्ती शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणल्यास तो रद्द समजावा.

माझे पती वारले आहेत. मला तीन अपत्ये: थोरला मुलगा संजय, मुलगी सौ. वैशाली राजेंद्र माने (राहणार मिरज) आणि धाकटा कै. अमोल. अमोल 2021 साली वारला. त्याच्या मागे पत्नी प्रियांका व एकुलती एक मुलगी कु. ईश्वरी आहेत. ईश्वरीचा जन्म 14 ऑगस्ट 2016 चा असून ती आज अज्ञान आहे. संजय व वैशाली यांचे संसार मार्गी लागले आहेत. ईश्वरीला वडील नाहीत, म्हणून तिची तजवीज मी आधी लिहिते.

1. ईश्वरीला देणे

(अ) मौजे सावळज, तालुका तासगाव, जिल्हा सांगली येथील गट नंबर 1184 पैकी 0 हेक्टर 61 आर शेतजमीन, त्यावरील द्राक्षबाग, मंडप, ठिबक संच व विहिरीतील माझ्या हिश्श्यासह. ही जमीन मी 1998 साली माझ्या पगारातून नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. ती वडिलोपार्जित नाही व तिच्यात एकत्र कुटुंबाचा पैसा नाही. माझ्या पश्चात कोणी तसे म्हणू लागले तर खरेदीखत व माझे पगारपत्रक कपाटातील निळ्या फाईलमध्ये आहे.

(ब) भारतीय स्टेट बँकेच्या विश्रामबाग शाखेतील 12,00,000 रुपयांची मुदत ठेव, त्यावरील व्याजासह. या ठेवीवर नामनिर्देशन संजयचे आहे. त्यावरून ती संजयची झाली असे नाही. त्याने बँकेकडून रक्कम फक्त स्वीकारावी व खाली नेमलेल्या विश्वस्ताच्या खात्यात एका महिन्याच्या आत जमा करावी.

(क) माझ्या सोन्याच्या पाटल्यांचा जोड व मोहनमाळ, दोन्ही मिळून अंदाजे सहा तोळे.

2. तोपर्यंत कोणाकडे

ईश्वरीचे पालकत्व तिच्या आईकडे आहे व राहील. ते मी बदलत नाही, आणि आजीने बदलावे असा अधिकार कायद्याने मला नाहीही. प्रियांकाने पुन्हा लग्न केले तरी या देण्यात काही कमी-जास्त होणार नाही. तो विषय कोणी काढू नये.

मात्र वरील मिळकत ईश्वरी 18 वर्षांची होईपर्यंत तिच्या हितासाठी विश्वस्त म्हणून माझी मुलगी वैशाली हिने धारण करावी व सांभाळावी. वैशाली हीच या मृत्युपत्राची व्यवस्थापकही राहील. ती हे काम करण्यास असमर्थ झाली किंवा हयात नसली तर माझा भाचा श्री. अभिजित शिवाजी पाटील, राहणार विटा, याने काम पाहावे.

संजयला विश्वस्त का केले नाही, हे त्याच्या समोर सांगितले आहे, इथेही लिहिते. बाग तोच कसतो व तोच कसावी अशी माझी इच्छा आहे. जो कसतो त्यानेच हिशेब तपासायचा, असे नको. यात त्याच्यावर अविश्वास नाही.

3. जमिनीची व्यवस्था

संजयने बाग निम्म्याने करावी. खत, औषध, छाटणी व मजुरीचा खर्च वजा जाता राहील त्यातील निम्मी रक्कम विश्वस्ताकडे द्यावी. बेदाणा केल्यास अडत्याकडील पट्टी मूळ स्वरूपात दाखवावी. तोंडी आकडा चालणार नाही. संजय कुटुंबातील माणूस म्हणून बाग करतो, त्याला कूळ म्हणून कोणताही हक्क पोचत नाही. हा करार दरवर्षी छाटणीपूर्वी लेखी करावा. संजयला जमले नाही तर विश्वस्ताने दुसरी सोय करावी, परंतु जमीन एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त मुदतीने कोणालाही देऊ नये.

सातबाऱ्यावर 'ईश्वरी अमोल जाधव, अज्ञान, हिचे विश्वस्त वैशाली राजेंद्र माने' अशी नोंद करून घ्यावी. फेरफार घालताना नुसते अ.पा.क. म्हणून आईचे नाव लावून मोकळे होण्याची पद्धत आहे. तसे केल्यास विश्वस्ताची जबाबदारी महसुली कागदावर दिसत नाही. इतर हक्कात विक्रीस मनाईची नोंद मागावी.

ईश्वरी सज्ञान होईपर्यंत जमीन विकू नये, गहाण टाकू नये, तिच्यावर सोसायटीचा अगर बँकेचा बोजा चढवू नये. ईश्वरीच्या गंभीर आजारासाठी पैसा कमी पडला तरच, प्रियांकाची लेखी संमती व जिल्हा न्यायालयाची परवानगी घेऊन विश्वस्ताला यातून बाहेर पडता येईल. लग्नाचा खर्च हे कारण धरू नये.

4. पैसा

विश्वस्ताने या कामासाठी वेगळे बचत खाते उघडावे. स्वतःच्या पैशात हा पैसा मिसळू नये, घरातील कोणालाही, व्याजानेसुद्धा, उसना देऊ नये. मुद्दल राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल कार्यालयातच ठेवावे. पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नये. आपल्या जिल्ह्यात त्या पायी किती जणांची पुंजी अडकली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रियांकाने उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यात वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत भरावे.

व्याज व बागेचे उत्पन्न ईश्वरीच्या शिक्षण, औषधपाणी व राहण्या-खाण्यासाठी वापरावे. शाळा-क्लासची फी विश्वस्ताने थेट भरावी. इतर खर्चासाठी प्रियांकाला दरमहा रक्कम द्यावी. तिने प्रत्येक वहीपेन्सिलची पावती आणावी अशी माझी अपेक्षा नाही. उच्च शिक्षणासाठी ठेवीच्या मुद्दलातून निम्म्यापर्यंत रक्कम काढता येईल.

सोने मिरजेतील बँक लॉकरमध्ये ठेवावे. मोडू नये, घडणावळ बदलू नये.

दरवर्षी 31 मेपूर्वी मागील आर्थिक वर्षाचा हिशेब वैशालीने प्रियांकाला लेखी द्यावा. ईश्वरीला 15 वर्षे पूर्ण झाल्यावर तिलाही दाखवावा व ती विचारील त्याचे उत्तर द्यावे. वैशालीला मेहनताना नाही. प्रवास, वकील व कागदपत्रांचा खर्च मिळावा.

5. सज्ञान झाल्यावर

ईश्वरीला 14 ऑगस्ट 2034 रोजी 18 वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जमीन, शिल्लक रक्कम व सोने वजन करून तिच्या ताब्यात द्यावे, शेवटचा हिशेब द्यावा आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करून विश्वस्ताचे नाव व मनाईची नोंद कमी करावी. एकवीसपर्यंत थांबा असा सल्ला मला मिळाला. मी तो मानला नाही. मतदानाला चालते ते वय जमिनीलाही चालेल. मी मरण पावण्यापूर्वीच ती सज्ञान झाली तर कलम 2 ते 4 लागू होणार नाहीत व मिळकत थेट तिला मिळेल.

ईश्वरी सज्ञान होण्यापूर्वी दुर्दैवाने हयात राहिली नाही तर रक्कम व सोने प्रियांकाला, आणि जमीन प्रियांका व संजय यांना समान मिळावी.

6. विश्रामबागचा माझा फ्लॅट संजय व वैशाली यांना निम्मा-निम्मा. उरलेली सर्व चीजवस्तू व शिल्लक त्या दोघांनी आपसात वाटून घ्यावी.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी स्वतःही वाचले, मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खालील साक्षीदारांसमक्ष मी सही केली. हे माझ्या मृत्यूनंतर अमलात येईल.

सही: सुमन दत्तात्रय जाधव

आम्ही दोघेही एकाच वेळी हजर होतो. श्रीमती जाधव यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. आमच्यापैकी कोणालाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार 1: डॉ. मिलिंद वसंत कुलकर्णी, राहणार विश्रामबाग, सांगली. लिहून देणार यांना मी आज तपासले असून त्या मृत्युपत्र करण्यास सक्षम आहेत.

साक्षीदार 2: श्री. अशोक बाबुराव सावंत, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार मिरज.