डोक्याजवळचा अडथळा सांगणारी काठी : प्रोजेक्ट रिपोर्ट

आम्ही नवीन काठी बनवलेली नाही. अंध माणूस रोज वापरतो त्याच पांढऱ्या काठीच्या मुठीखाली बसणारी एक छोटी डबी बनवलीय, जी छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर काही आडवं आलं तर व्हायब्रेट होते. एवढंच तिचं काम. जमिनीवरचं काही ती सांगत नाही आणि मुद्दामच सांगत नाही, कारण खड्डा, पायरी, दगड हे काठीच्या टोकाला आधीच कळतं आणि ते कुठल्याही स्वस्त सेन्सरपेक्षा भरवशाने कळतं.

हे ठरलं ते काठी वापरणाऱ्यांशी बोलून. रोज एकटे बसने कामाला जाणारे एक काका म्हणाले, "अरे बाळांनो, खालचं मला कळतंय की. माझ्या कपाळाला काय लागणारे ते सांगा." मग त्यांनी यादीच दिली: ट्रकचा उघडा राहिलेला मागचा फळका, बाहेर उघडणारी खिडकी, झाडाची खाली आलेली फांदी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिन्याखालची जागा, कारण तिथे काठी मोकळी पुढे जाते, रस्ता मोकळा आहे असंच वाटतं आणि मग थेट डोकं आपटतं.

बझर नको हे जवळजवळ सगळ्यांनीच सांगितलं. गाडी कुठून येतेय, भिंत संपली का, समोर दार उघडं आहे का, हे सगळं कानावर चालतं, त्यात आपण पीप पीप सुरू केलं तर मदत कमी आणि अडचण जास्त. एक ताई तर म्हणाल्या की आवाज आला की आजूबाजूचे सगळे बघायला लागतात, ते मला नकोय. म्हणून फक्त व्हायब्रेशन.

काही गोष्टी मात्र आम्हाला हातात काठी धरून दाखवल्यावरच दिसल्या. बरेच जण तर्जनी मुठीच्या सपाट बाजूवर सरळ ठेवतात आणि त्याच बोटाने टोकाचा अंदाज घेतात, त्यामुळे डबी तिथे येऊन चालणार नाही. मोटर पण त्या बोटाखाली नको, नाहीतर टोकाकडून येणारी जाणीव आणि मोटरची थरथर एकात एक मिसळते. ती तळहाताच्या बाजूला घेतली. चालू-बंद करायला दाबायचं बटण ठेवलं तर ते आत्ता चालू आहे की बंद हे हाताला कळत नाही, म्हणून सरकवायचा तीन जागांचा स्विच: बंद, घरात, रस्त्यावर. घरात १ मीटरच्या आतलंच सांगायचं, रस्त्यावर दीड मीटरपर्यंत. आणि चार्ज झाल्याचं दाखवायला एलईडी लावून कोणाला काय उपयोग? फुल झालं की मोटर एकदा लांब थरथरते.

एक आजोबा पण आले होते, त्यांना थोडं दिसतं पण त्यांची काठी टेकायची आहे. त्यांना नाही म्हणावं लागलं, कारण टेकायची काठी उभी असते, तिच्यावर वजन येतं, तिथे सेन्सरचा कोन आणि मजबुती दोन्ही वेगळं लागेल. एकाच डिझाइनमध्ये दोघांना बसवायला गेलो असतो तर दोघांचंही नीट झालं नसतं.

पार्ट सगळे कुठेही मिळणारे घेतलेत म्हणजे बिघडलं तर कोणीही बदलू शकेल. आर्डुइनो नॅनो, दोन एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, कॉइन मोटर, छोटी लिथियम बॅटरी, प्रोटेक्शनवालं चार्जिंग मॉड्यूल आणि ५ व्होल्टचा बूस्ट कन्व्हर्टर. मोटर सरळ पिनला जोडायची नाही, मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड हवाच.

दोन सेन्सर का, हे सगळे विचारतात. हा सेन्सर कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून अंतर काढतो. त्या आवाजाचा झोत साधारण १५ अंशांचा, म्हणजे एक मीटरवर जेमतेम २६ सेंटिमीटर रुंद. मूठ ९० सेंटिमीटर उंचीवर आणि सेन्सर ३० अंश वर केलेला धरला तर १२० सेंटिमीटर पुढे त्याचा मध्य साधारण १६० सेंटिमीटर उंचीवर जातो. डोक्याला ठीक, पण छातीच्या उंचीवरचा फळका अगदी जवळ आल्यावरच सापडणार. म्हणून दुसरा सेन्सर जवळपास सरळ पुढे बघतो. दोघांना आलटून पालटून चालवायचं, नाहीतर एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो. एका रीडिंगला ६० मिलिसेकंद दिले तर प्रत्येक सेन्सर सेकंदाला आठेक वेळा बघतो, आणि सेकंदाला १ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात १२ सेंटिमीटर सरकतो, जे चालून जातं.

```
digitalWrite(TRIG, HIGH);
delayMicroseconds(10);
digitalWrite(TRIG, LOW);
long cm = pulseIn(ECHO, HIGH, 12000) / 58;
if (cm == 0) cm = 999;   
```

१२००० मायक्रोसेकंदच वाट बघायची, म्हणजे साधारण दोन मीटरच्या पलीकडचं बघायचंच नाही. शून्य आलं तर "काही नाही" धरायचं, नाहीतर मोकळ्या रस्त्यावर मोटर वेड्यासारखी थरथरत बसते. सलग दोन रीडिंग जवळची आली तरच इशारा. डोक्यासाठी दोन छोटे झटके, छातीसाठी एक लांब. अंतराप्रमाणे पाच लेव्हल ठेवायची आयडिया होती, पण चालताना ते मोजत कोण बसणार!

काठी डावी-उजवीकडे फिरते तसा झोतही फिरतो, त्यामुळे बाजूची भिंत सारखी लागते. यावर पूर्ण उपाय नाही. घरात मोड लावला की त्रास कमी होतो, बस.

टेस्टिंग आधी टेबलवर केलं. भिंत, पत्रा, काच व्यवस्थित सापडतात. काचेसाठीच तर अल्ट्रासॉनिक घेतला, इन्फ्रारेडवाला काचेतून आरपार बघतो आणि कडक उन्हात गडबडतो. पडदा आणि लोकरीचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे अंतर बरंच कमी होतं. गुळगुळीत फळी तिरकी धरली की प्रतिध्वनी भलतीकडेच जातो, म्हणजे जिन्याचा खालचा भाग तसा असला तर भरवसा नाही. हे देताना प्रत्येकाला तोंडी सांगायचं, लपवायचं नाही.

माणसांबरोबरच्या टेस्टला डोळस मित्रांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चालवलेलं आम्ही धरलं नाही. पट्टी बांधलेला माणूस घाबरून कासवासारखा चालतो, काठी कशी फिरवायची हे त्याला माहीत नसतं, आणि त्याला डबी "खूप छान" वाटते. खरी टेस्ट रोज काठी वापरणाऱ्यांबरोबर, त्यांची परवानगी घेऊन, काठीचं ट्रेनिंग देणारे सर शेजारी चालत असताना. वरून टांगलेले अडथळे फोम आणि पुठ्ठ्याचे, म्हणजे लागलं तरी इजा नाही. प्रत्येक जण एकदा नुसत्या काठीने आणि एकदा डबी लावून चालला, अडथळ्यांच्या जागा मधे बदलल्या, आणि अर्ध्या लोकांना आधी डबी दिली अर्ध्यांना नंतर, नाहीतर रस्ता ओळखीचा झाल्याचं क्रेडिट डबीला मिळतं. नोंद फक्त तीन गोष्टींची: अंगाला काय लागलं, उगाच किती वेळा थरथरली, आणि चालायचा वेग किती पडला. काठी अडथळ्याला लागली तर ती चूक नाही, काठी त्यासाठीच असते.

टांगलेला पुठ्ठा डबी लावल्यावर बहुतेकांनी वेळेत ओळखला. गर्दीत मात्र ती नकोशी झाली, पुढे चालणाऱ्या प्रत्येक पाठीला थरथरते, आणि काकांनी तर गर्दी आली की सरळ स्विच बंद केला. आम्ही तो वापर बरोबरच धरलाय आणि स्विच आता अंगठ्याखाली आणलाय. पावसात हे सेन्सर चालत नाहीत. वॉटरप्रूफ सेन्सर मिळतो, पण तो २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं बघत नाही, जे आपल्याला चालेल, फक्त तो जड आहे आणि वजन मुठीजवळ किती वाढलेलं मनगटाला झेपतं ते आधी बघायचंय.

पुढचा टप्पा म्हणजे डबी लोकांना घरी नेऊ द्यायची. त्यांनी व्हॉइस नोटवर एकच गोष्ट सांगायची: आज डबी कधी आणि कुठे बंद केली, आणि का.