नारळी पुनवेचा निरोप, सातपाटीच्या माझ्या माणसांना

जयेश, हेमाताई, नरेश आणि घरातल्या लहान-थोर सगळ्यांना नारळी पुनवेच्या मनापासून शुभेच्छा! आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

आज सकाळी नारळ घेऊन गोदाकाठी गेलो. पायरीवर उभा राहिल्यावर डोक्यात उजेड पडला: हा वाहत गेला तर जाणार बंगालच्या उपसागरात, म्हणजे भलत्याच दर्याला! वैतरणा इथल्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून तुमच्या बाजूला उतरते खरी, पण तिच्यावर एवढी धरणं की माझा नारळ वाटेतच अडकायचा. तो घरी परत आणलाय, त्याचा नारळीभात होतोय. तेव्हा जयेश, संध्याकाळी मिरवणूक बंदरावर पोचली की सोनेरी नारळाच्या मागून एक साधा नारळ माझ्या नावाने सोड.

पालघरला कॉलेजात असताना तुमच्याकडे पहिल्यांदा राहायला आलो तो जुलै महिना होता. मासेमारीची बंदी, होड्या वर ओढलेल्या. मला वाटलं, यांची सुट्टी चाललीय. बघतो तर बाबा उजाडल्यापासून ओट्यावर जाळं सांधत बसलेले, नरेश होडीला रंग देतोय, आणि आई पहाटेच सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बाजाराला गेलेली. दोन महिने कमाई नाही, तरी काम थांबलेलं नाही. मी शहाणपणाने विचारलं, "बंदीचा त्रास होत असेल ना?" बाबा जाळ्यावरची नजर न हलवता म्हणाले, "दर्यालाही पोरं वाढवायला वेळ लागतो."

२०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा मला हेच आठवलं होतं. हातभर लांबीचं पापलेट मागणारे आम्ही, आणि बोटभर पिल्लू बाजारात दिसलं की जीव तुटतो तो तुमचा.

आता १ ऑगस्टपासून दर्या मोकळा झालाय. दर्याराजा, उधाण आवर, वारं सांभाळ. जाळं जड येऊ दे, डिझेल-बर्फाचा खर्च भागून हातात चार पैसे राहू देत. पण त्याआधी माझं मागणं एकच, की जेवढी माणसं होडीत चढतील तेवढीच परत उतरू देत. जाळं रिकामं आलं तरी चालेल. आई, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. होडी बाहेर असली की तुम्ही रात्री कितीदा उठून वाऱ्याचा अंदाज घेता, ते मी त्या ओट्यावर झोपून पाहिलंय.

हेमाताई, राखी कालच मिळाली. बांधली की फोटो पाठवतो. ओवाळणी हातातच देईन, कारण येत्या रविवारी येतोय. आमच्या नारळीभाताला तुमच्याकडची चव नाही, तेव्हा माझ्या वाटणीचा काढून ठेवा. नरेशपासून लपवून!

तुमचाच,
संदीप