आयगेन मूल्ये व आयगेन सदिश वापरून दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवणे

दोन चलांतील एकसामयिक रेषीय समीकरणे दहावीत लोप पद्धतीने आणि निश्चयकांच्या, म्हणजेच क्रेमरच्या पद्धतीने सोडवली जातात, आणि केवळ एकदाच उत्तर काढायचे असेल तर त्या दोन्ही पद्धती येथे दिलेल्या पद्धतीपेक्षा निश्चितच जलद आहेत. तरीही पुढील रीत शिकण्याचे कारण असे की, समीकरणांना उत्तर का मिळते, ते केव्हा मिळत नाही आणि उजव्या बाजूतील लहानसा बदल उत्तरात केव्हा मोठी उलथापालथ घडवतो, हे तिच्यातून उघडपणे दिसते. पुढील समीकरणे घेऊ.

4x + y = 17
2x + 3y = 11

यांतील सहगुणकांची सारणी A आणि उजव्या बाजूचा सदिश b असा लिहिला, तर प्रश्न AX = b असा होतो; येथे X = (x, y) हा शोधायचा सदिश आहे.

A = [ 4 1 ; 2 3 ], b = (17, 11)

सर्वसाधारणपणे एखाद्या सदिशाला A ने गुणले की त्याची लांबी बदलते आणि दिशाही बदलते. परंतु काही मोजक्या दिशा अशा असतात की त्यांवरील सदिश गुणाकारानंतरही त्याच रेषेवर राहतात, फक्त एका संख्येने गुणले जातात. अशा शून्येतर सदिशाला A चा आयगेन सदिश आणि त्या संख्येला आयगेन मूल्य म्हणतात. म्हणजे Av = λv. पद्धतीचे सारे मर्म एवढ्यातच आहे, कारण अशा रेषेवर सारणीचे समीकरण साध्या एका चलाच्या समीकरणासारखे वागते, आणि λ ने भागले की काम होते.

Av = λv हे (A − λI)v = 0 असे लिहिता येते; येथे I म्हणजे मुख्य कर्णावर 1 आणि इतरत्र 0 असलेली एकक सारणी. शून्येतर v मिळण्यासाठी A − λI या सारणीचा निश्चयक शून्य असला पाहिजे.

(4 − λ)(3 − λ) − (1)(2) = 0
λ² − 7λ + 10 = 0
(λ − 5)(λ − 2) = 0

म्हणून λ₁ = 5 आणि λ₂ = 2. येथेच एक पडताळा घ्यावा: आयगेन मूल्यांची बेरीज मुख्य कर्णावरील पदांच्या बेरजेइतकी, म्हणजे 4 + 3 = 7, आणि त्यांचा गुणाकार निश्चयकाइतका, म्हणजे 12 − 2 = 10, असला पाहिजे. दोन्ही जुळतात. वर्गसमीकरणातील चिन्हाची चूक पकडण्यास हा पडताळा पुरेसा ठरतो.

आता λ = 5 घेतल्यास (A − 5I)v = 0 मधील पहिली ओळ −v₁ + v₂ = 0 अशी येते, आणि दुसरी ओळ 2v₁ − 2v₂ = 0 हेच सांगते. म्हणून पहिला आयगेन सदिश p = (1, 1) घेता येतो. λ = 2 घेतल्यास दोन्ही ओळींतून 2v₁ + v₂ = 0 मिळते, म्हणून दुसरा आयगेन सदिश q = (1, −2). या सदिशांची कोणतीही शून्येतर पट घेतली तरी अंतिम उत्तर तेच येते. दोन ओळी एकमेकींच्या पटीत आल्या नाहीत, तर मात्र आयगेन मूल्य काढण्यात चूक झाली आहे असे समजून मागे जावे.

आता उजवी बाजू p आणि q यांच्या भाषेत लिहू. b = αp + βq असे मानल्यास,

α + β = 17
α − 2β = 11

वजाबाकी करून 3β = 6, म्हणून β = 2 आणि α = 15. चाणाक्ष विद्यार्थी येथे हटकून विचारतो की, दोन समीकरणे सोडवण्यासाठी पुन्हा दोन समीकरणेच सोडवली, मग फायदा काय? आक्षेप रास्त आहे; एका उदाहरणापुरता फायदा काहीच नाही. फायदा पुढे दिसेल.

शोधायचा सदिशही X = mp + nq असा लिहू. मग AX = 5mp + 2nq. हे 15p + 2q इतके असले पाहिजे, आणि p व q एका रेषेत नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे सहगुणक स्वतंत्रपणे समान असतात.

5m = 15, म्हणून m = 3
2n = 2, म्हणून n = 1

X = 3(1, 1) + 1(1, −2) = (4, 1)

म्हणजे x = 4, y = 1. ताळा: 4(4) + 1 = 17 आणि 2(4) + 3(1) = 11. एका वाक्यात सांगायचे तर X = (α/λ₁)p + (β/λ₂)q.

आता समजा, मुख्य कर्णावरील दोन्ही सहगुणकांमध्ये 1 मिळवला आणि उजवी बाजू तशीच ठेवली. समीकरणे 5x + y = 17 आणि 2x + 4y = 11 अशी होतात. क्रेमरच्या पद्धतीत सर्व निश्चयक पुन्हा काढावे लागतील. येथे मात्र A + I चे आयगेन सदिश तेच p आणि q राहतात, आयगेन मूल्ये 6 आणि 3 होतात, आणि α, β यांना हात लावावा लागत नाही.

X = (15/6)(1, 1) + (2/3)(1, −2) = (19/6, 7/6)

कर्णावर कोणतीही संख्या k मिळवली तरी उत्तर 15/(5 + k) आणि 2/(2 + k) या दोन अपूर्णांकांतून थेट मिळते. k = −2 ठेवल्यास दुसरा छेद शून्य होतो. त्या वेळी समीकरणे 2x + y = 17 आणि 2x + y = 11 अशी, म्हणजे परस्परविरोधी, होतात आणि β = 2 शून्य नसल्यामुळे उत्तर अस्तित्वात नसते. उजव्या बाजूत β = 0 असता, उदाहरणार्थ b = (15, 15) असता, तर अनंत उत्तरे मिळाली असती. निश्चयक शून्य आहे एवढे कळल्याने या दोन शक्यतांतील फरक कळत नाही; β पाहिल्यावर तो लगेच कळतो.

k = −1.9 हे त्याहून बोधप्रद आहे. आयगेन मूल्ये 3.1 आणि 0.1 होतात, म्हणून q चा सहगुणक 2/0.1 = 20 येतो. उजवी बाजू (17, 11) ऐवजी (17.1, 10.8) घेतली, म्हणजे β फक्त 0.1 ने वाढवला, तर हा सहगुणक 21 होतो. परिणामी x हा 1 ने वाढतो आणि y हा 2 ने कमी होतो. मोजमापातून आलेल्या संख्यांची समीकरणे सोडवताना अशा लहान आयगेन मूल्यापासून सावध राहावे लागते.

ही रीत सरसकट चालत नाही. [ 0 −1 ; 1 0 ] या सारणीची आयगेन मूल्ये i आणि −i आहेत, म्हणून सदिशही संमिश्र संख्यांचे येतात, तरी वरील सूत्र लागू पडते आणि शेवटी काल्पनिक भाग एकमेकांना छेदून उत्तर वास्तव येते. [ 3 1 ; 0 3 ] येथे मात्र 3 हे मूल्य दोनदा येते आणि (1, 0) ही एकच दिशा मिळते. एका दिशेने प्रत्येक b लिहिता येत नाही, म्हणून तेथे ही पद्धत सोडून खालच्या ओळीतून आधी y काढावा आणि तो वरच्या ओळीत ठेवून x काढावा.