चांगलाय का ते सांगतो, पण कशासाठी ते आधी सांग

बघितला लोगो. एकदा लॅपटॉपवर फुल स्क्रीन करून आणि एकदा मोबाईलवर, चॅटमध्ये येतो तेवढाच. मोठा करून बघताना मस्त वाटला, खरंच. पक्ष्याचा पंखच पान झालाय ही आयडिया मला फार आवडली, बाकी काहीही बदल पण ती सोडू नकोस. पण तू नुसतं "चांगलाय का" एवढंच विचारलंस आणि माझं सगळं उत्तर तो कुठे वापरणार यावरच अडलंय.

एका दिवसाच्या कार्यक्रमाचं बॅनर असेल तर जवळजवळ झालंय समज. मोठा छापला जाणार, ग्रेडियंट चालेल, फक्त छपाईला द्यायच्या आधी सीएमवायके करून बघ कारण तुझा तो झळझळीत हिरवा शाईत तसा येत नाही, मळकट होतो.

पण ॲपचं आयकॉन किंवा ग्रुपचा डीपी करणार असशील तर मी नाही म्हणेन. मी तो 48 पिक्सेलचा करून बघितला, पंखातल्या सातही रेघा एकमेकींत मिसळून नुसता करडा डाग दिसतो, आणि वेबसाईटच्या टॅबवर तर 16 पिक्सेलच मिळतात. डीपी गोल कापला जातो, तुझा लोगो आडवा, म्हणजे शेपूट गेलीच. त्याहून मोठी गोष्ट नावातल्या अनुस्वाराची, तो शिरोरेखेला इतका चिकटून बसलाय की लहान केल्यावर रेघेतच जिरतो आणि नाव वेगळंच वाचलं जातं! मराठीत हे चालणारच नाही रे. तिथे नाव काढून फक्त पक्षी ठेव, सातच्या जागी दोन जाड रेघा दे.

टीशर्टवर भरतकाम करणार असशील तर अजून वेगळं. मागे मी असाच ग्रेडियंटवाला लोगो टोप्यांवर भरायला दिला होता, दोन रंग जिथे मिसळायचे तिथे धाग्यात सरळ पट्टा उमटला आणि बारीक अक्षरं भरून गुठळ्या झाल्या, सगळ्या टोप्या परत करायला लागल्या. तेव्हापासून मी आधी एकाच काळ्या रंगात लोगो काढून बघतो, तिथे उभा राहिला तरच पुढे रंग.

दोन गोष्टी मात्र कुठेही वापरलास तरी बदलच. खालची टॅगलाईन लोगोतून काढ, बॅनरवर हवी तर वेगळी लिही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरामधली फट बघ, शिरोरेखा तिथे तुटल्यासारखी दिसते आणि एकाच नावाचे दोन शब्द वाटतात.

तू पाठवलेली logo_final3.png पुरणार नाही, मोठी केली की कडा फाटतात. एसव्हीजी पाठव, आणि पहिल्यांदा कुठे लागणार तेवढं कळव, अनुस्वार आणि ती फट मी आज रात्रीच नीट करून देतो.