आईबाबांचा ४०वा लग्नाचा वाढदिवस: शनिवार, कोथरूडचा हॉल, डेकोरेशनची यादी

ताई, दादा, वहिनी, ही फायनल यादी आहे, जे झालं त्यावर टिक करत जा. हॉल दुपारी १२ला ताब्यात मिळतोय, पाहुणे ६ला. भिंतीला खिळे आणि टेप चालणार नाही असं हॉलवाल्यांनी सांगितलंय, म्हणून स्टेजला मंडपवाल्यांकडून पाइपची फ्रेम, २० फूट बाय १० फूट.

स्टेज (इथे अजिबात काटकसर नको, सगळे फोटो इथलेच येणार)
☐ मागचा पडदा: मोतिया क्रेप ३८ मीटर. ४४ इंची पन्न्याचे ११ तुकडे, प्रत्येक ११ फुटांचा, म्हणजे चुण्या दुप्पट पडतात आणि मागची भिंत दिसत नाही. सॅटिन आणू नका कोणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यावर चकाकतो आणि आईची पैठणी फिकी पडते
☐ खालची झालर: राणी कलर, १० मीटर
☐ गोंड्याच्या ४ फुटी माळा ३१, वरच्या पाइपवरून दर ८ इंचाला एक सोडायची. मधल्या ७ माळा सोफ्याच्या मागे येतात, त्या वर गुंडाळून आखूड करा
☐ निशिगंध सोफ्याच्या दोन्ही बाजूंना २५-२५ काड्या, कळ्याच घ्या, संध्याकाळपर्यंत उमलतात आणि वास तेव्हाच येतो
☐ एलईडी पडदा ३ बाय ३ मीटर, २ नग, कापडाच्या मागे, फक्त वॉर्म व्हाइट, लुकलुकणारा मोड बंद
☐ पार लाइट ४: दोन समोरून चेहऱ्यावर, दोन खालून पडद्यावर. रंगीत जेल लावू देऊ नका, चेहरे निळे दिसतात

एंट्रन्स
☐ दार ८ बाय ८, तिन्ही बाजू मिळून २४ फूट: गोंड्याच्या ७ माळा, वर आंब्याची पानं २५
☐ केळीचे खांब २, समया २ (ताईकडच्या)
☐ फुलांची रांगोळी ३ फुटी: गोंड्याच्या पाकळ्या दीड किलो, पांढरी शेवंती अर्धा किलो, दाराच्या उजवीकडे सरकवून काढा म्हणजे आत्याची व्हीलचेअर सरळ आत येईल
☐ लाइटची माळ १० मीटर, १

टेबलं: १५, प्रत्येकी ८ जण
पांढरे कव्हर हॉलचे. वर राणी कलरचा चौकोन, ४४ बाय ४४, एकूण १७ मीटर कापड, तिरका टाकला की ५ फुटी टेबलाच्या कडेला टोकं बरोबर येतात.
☐ प्रत्येकी निशिगंध ५ काड्या, बुटक्या ग्लासात, समोरचा माणूस दिसला पाहिजे
☐ बॅटरीवरचे दिवे प्रत्येकी ३, जास्तीचे धरून ५०. मेणबत्त्या नकोच, खाली कापड आहे

खरेदी
☐ रविवार पेठ, बुधवारपर्यंत: क्रेप ३८, राणी कलर २७ मीटर (वहिनी, शिलाईला एक दिवस हवा)
☐ तापकीर गल्ली: लाइट, २ एक्स्टेंशन बोर्ड. दुकानातच लावून बघा
☐ मार्केट यार्ड, शनिवारी पहाटे: माळा ४०, निशिगंध १३० काड्या, शेवंती, पानं, रांगोळीचा सुटा गोंडा. दादा, गाडीत फुलं एकावर एक रचू नकोस, ओलं गोणपाट टाक, आणि एसी चालू ठेव
☐ ४ला सगळे लाइट लावून बघायचे, ५ला शिडी आत