शेवटचं पाणी

हॉस्टेलला येऊन आठवडा झाला आणि मुक्ताचे कपडे संपले. संपले म्हणजे मळले. पेटीच्या तळाशी आता फक्त दिवाळीचा ड्रेस उरला होता, तो घालून विश्रामबागेत हिंडायची तिची तयारी नव्हती.

रविवारी सकाळी सोलरचं पाणी गरम येतं हे तिला कळलं होतं. नळ सोडला की बादली भरते, आणि भरल्यावरही नळ चालूच राहतो, याची तिला अजून गंमत वाटत होती. आटपाडीकडच्या त्यांच्या वस्तीवर टँकर आला की आधी पिंप, मग घागरी, मग मिळेल ते भांडं. इथं कृष्णेचं पाणी तिसऱ्या मजल्यावर.

तिनं मोठी बादली घेतली. कढत पाणी, मूठभर पावडर, वर फेस. त्यात कॉलेजचे दोन पांढरे शर्ट टाकले. सायली आंघोळीला निघाली होती, तिला म्हणाली, "तुझाही दे, एकातच होईल." सायली कराडची, खोलीतली एकुलती एक मैत्रीण, तिचा शर्ट धुवायला मिळाला याचा मुक्ताला आनंदच झाला. मग सलवार, ओढणी, आणि सगळ्यात शेवटी तो लाल कुर्ता. आईनं ॲडमिशन झाल्यावर आटपाडीच्या बाजारातून आणलेला, एकदाच घातलेला. तो बुडेना, म्हणून तिनं दोन्ही हातांनी दाबून खाली बसवला आणि मेसमध्ये पोहे खायला गेली.

परत आली तर फेस गुलाबी.

तिला आधी वाटलं, आपण कुणाच्या तरी दुसऱ्याच बादलीपाशी आलो. मग हात घालून पहिला शर्ट वर काढला. पिकल्या पेरूच्या गरासारखा दिसत होता. दुसराही तसाच. खिशाची शिवण, कॉलर, बगला, जिथं कापड दुहेरी होतं तिथं आणखी गडद.

"सायली," तिनं हाक मारली, पण ती इतकी बारीक होती की सायलीला ऐकू यायच्या आधी झाडूवाल्या मावशींना ऐकू गेली.

मावशींनी बादलीत डोकावून पाहिलं. "वाळू देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. "वाळला की बसला. ओला हाय तवर धूत ऱ्हा. आन् गार पाण्यात."

सायली आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मुक्ताला वाटलं, आता खोली बदलून मागणार ही. सायलीनं स्वतःचा शर्ट उचलला, पिळला, उजेडात धरला.

"उद्या प्रॅक्टिकल आहे, मुक्ते."

"मी नवीन घेऊन देते."

"कशातनं देणार?"

याला उत्तर नव्हतं. दोघी बसल्या धुवायला. गार पाणी, पावडर, चोळ, पिळ, पुन्हा गार पाणी. तिसऱ्या बादलीला सायलीचा शर्ट पांढरा झाला. अगदी नाही, पण लांबून कळणार नाही इतका. तो टेरिकॉटचा होता, रंग त्यात फारसा शिरलाच नव्हता. मुक्ताचे दोन्ही अस्सल सुती. उन्हाळ्यात बरे म्हणून आईनं दुकानदाराशी हुज्जत घालून सुतीच घेतलेले. त्यांनी रंग असा प्यायला होता की सोडायचं नावच घेईनात.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. रडायचं नाही असं ठरवून लावला.

"आये, कुर्त्याचा रंग गेला."

"जाणारच की. लाल हाय. कुठल्या पाण्यात घातलास?"

"म्हणजे?"

"अगं, आदी पांढरं, मग रंगीत, आन् लाल शेवटच्या पाण्यात. जलमभर बघितलंस की."

बघितलं होतं. पहिल्या पाण्यात बाबांचं धोतर-टोपी, त्याच पाण्यात मग साड्या, मग गोधडीची खोळ, आणि उरलेलं काळं-तांबडं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याला. मुक्ताला इतकी वर्षं वाटायचं, ही पाण्याची काटकसर. तेच पाणी तीनदा वापरायचं, एवढंच त्यात आहे असं.

"मला वाटलं पाणी वाचवायला करतीस."

"ते बी हायच की," आई म्हणाली. मग जरा थांबून, "शर्टाचं कापड विरलं न्हाय न्हवं?"

"नाही. गुलाबी झालंय फक्त."

"मग काय तर!"

सोमवारी सायलीनं आपला तो शर्ट तिच्या अंगावर फेकला. "माझी बॅच दुपारची आहे. साडेबाराला मेसच्या दारात आणून दे. आणि घाम आणू नकोस."

खांद्याला तो थोडा ढगळ होता. वर ॲप्रन चढवला, की फक्त कॉलर दिसायची.

पुढच्या रविवारी मुक्तानं दोन बादल्या मांडल्या. पहिलीत सायलीचा शर्ट आणि ट्यूबलाइटखाली डोळे दिपतील असे दोन नवे पांढरे, बाबांनी एसटीतून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलेले. टेरिकॉटचे. सलवारी दुसरीत. गुलाबी शर्ट हातात धरून ती क्षणभर उभी राहिली, आणि तेही तिनं सलवारींबरोबर दुसरीतच टाकले. कुर्ता अजून दाराच्या कडीलाच होता.